पाडव्याची संध्याकाळ आणि ईदचा चंद्र

प्रश्न: चौथीच्या मुलांना सांगायला दोन शेजारी मुलांची छोटी गोष्ट हवी आहे. एक हिंदू, एक मुसलमान, दोघं आपापल्या सणाबद्दल बोलतात आणि त्यांना काहीतरी सारखं सापडतं. मी लिहायला बसले की त्याचं भाषणच होतं. काय करू?

उत्तर: भाषण होतं, कारण सारखेपणा तुम्ही आधीच ठरवून ठेवता आणि मग तो मुलांच्या तोंडी घालता. त्याऐवजी आधी खरी तारीख शोधा. मी 30 मार्च 2025, रविवार, ही घेईन. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि आपल्याकडे रमजानचा 29वा रोजाही. संध्याकाळी चंद्र दिसला आणि सोमवारी ईद झाली. गुढी सूर्य मावळायच्या आत उतरवतात आणि रोजा सूर्य मावळला की सोडतात. म्हणजे भिंतीपलीकडची दोन घरं एकाच सूर्यास्ताकडे डोळे लावून बसलेली. गोष्ट इथेच तयार आहे, फक्त एक वस्तू हवी. ती म्हणजे साखरेची गाठी. सोलापुरातलं घर धरून लिहितो:

ओवीने गाठी पुढे केली. "घे. आजीने तुझी वेगळी ठेवली होती."

रेहानने ती खिशात टाकली.

"खा की!"

"रोजा आहे."

"तुला कुणी धरायला लावला?"

"कुणी नाही. आज शेवटचा असेल, मग वर्षभर नाही."

"असेल म्हणजे? कॅलेंडरवर उद्या ईद छापलीय."

"छापलीय. पण चंद्र दिसला तर. नाही दिसला तर परवा."

ओवीला हे काही पटेना. पाडव्याचं असं कधी झालं नव्हतं. ती कॅलेंडरपाशी गेली. आजच्या चौकोनात मोठ्या अक्षरांत गुढीपाडवा होता आणि खाली बारीक अक्षरांत एक शब्द होता. तिने अक्षर लावून वाचला. चंद्रदर्शन.

"आजी, हे आपल्या सणात कशाला लिहिलंय?"

"काल अमावास्या झाली ना. आज नवा चंद्र. पाडवा त्याच्यावरच मोजतात."

"म्हणजे आज दिसणार?"

"केसाएवढा असतो. दिसला तर दिसला."

साडेसहाला बाबांनी गुढी उतरवली. रेहानने तांब्या धरला, ओवीने कडुनिंबाचा डहाळा. दहा मिनिटांनी अजान झाली. रेहानने खजूर खाल्ला, पाणी प्यायला आणि खिशातली गाठी काढली. ती घामाने चिकट झाली होती. त्याने मोडून अर्धी ओवीला दिली. तिने सकाळपासून तीन खाल्ल्या होत्या, तरी घेतली.

दोघं गच्चीवर पळाली. आधी काहीच दिसेना. मग ओवी ओरडली, "तो बघ, टाकीच्या वर! होडीसारखा!"

रेहान धडधडत खाली गेला. "अम्मी, दिसला! खारीक भिजत घाल!"

"दुपारीच घातलीय."

"आणि नसता दिसला तर?"

"तर परवा केला असता शीरखुर्मा. खारीक काय पळून जाते?"

बस, एवढीच गोष्ट. "आपण सगळे सारखे" हे कुणीच म्हणालेलं नाही, आणि वर्गातल्या कुणी विचारलं तरी तुम्हीही म्हणू नका. ओवीचा शोध त्या बारीक अक्षरांत आहे. एरवी ईद चंद्रावर आणि आपला सण कॅलेंडरवर, अशी मुलांची समजूत असते. प्रत्यक्षात फरक एवढाच, की पाडव्याचा चंद्र पंचांगकर्त्याने आधी गणिताने काढलेला असतो आणि ईदचा डोळ्यांनी पाहून ठरतो.

आता अशा गोष्टी कुठे फसतात ते. सगळ्यात जास्त चूक चंद्राची होते. ईदचा चंद्र पूर्वेला उगवत नाही. तो पश्चिमेला, सूर्य जिथे मावळला तिथेच थोडा वर दिसतो आणि तासाभरात मावळतोही. म्हणून रात्री नऊला गच्चीवर जाऊन चंद्र पाहणारी मुलं लिहू नका. मार्चमध्ये आपल्याकडून ही कोर जवळजवळ आडवी दिसते. चित्र काढून घेणार असाल तर चित्रकाराला हे आधी सांगा, नाहीतर तो झेंड्यावरचा उभा चंद्र काढून देईल. सोलापूर निवडलं तेही यासाठीच. तिथे मार्चअखेर सूर्य सहा-चाळीसच्या सुमारास मावळतो आणि पश्चिम मोकळी असते. सह्याद्रीच्या पूर्वेच्या पायथ्याचं गाव घेतलंत तर एवढा खालचा चंद्र डोंगराआड जाईल.

दुसरी चूक रोजाची. वयात येण्याआधी मुलांवर रोजा बंधनकारक नसतो. दहा वर्षांचा रेहान महिनाभर रोजे धरतो असं लिहिलंत तर ते ओढूनताणून वाटेल, पण एखादा हौसेने धरणं अगदी घरोघरचं आहे. "कुणी धरायला लावला?" हा प्रश्न म्हणूनच ठेवा. ऐकणाऱ्या मुलांच्या मनात तोच येतो.

तिसरी चूक बोलण्याची. सोलापूरचा रेहान घरी दखनी बोलेल आणि ओवीशी सरळ मराठी. त्याच्या तोंडी सिनेमातलं उर्दू घातलंत की तो शेजारी राहत नाही, पाहुणा होतो. शीरखुर्म्याला "शेवयांची खीर" म्हणून सोपं करायलाही जाऊ नका. त्यात दूध आणि खारीक मुख्य, शेवया थोड्याच असतात. लिटरभर दुधाला तुपात परतलेल्या मूठभर शेवया पुरतात, जास्त घातल्या तर सकाळपर्यंत गोळा होतो. खारीक वाळलेली असल्यामुळे आधी भिजवावी लागते. अम्मीने ती दुपारी भिजवली ती त्यामुळेच.

एखादं चुणचुणीत पोर विचारेलच, "मग पाडवा आणि ईद दरवर्षी शेजारी का नसतात?" याचं उत्तर तयार ठेवा. चंद्राचे बारा महिने मिळून साधारण 354 दिवस होतात, सूर्याच्या वर्षापेक्षा 11 कमी. हिजरी वर्ष ते 11 दिवस सोडून देतं, म्हणून ईद दरवर्षी मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरते. पंचांगातही सण मागे सरकतात, पण पावणेतीन वर्षांच्या आसपास एक अधिक महिना घालून ते पुन्हा जागेवर आणतात. 2024 मध्ये पाडवा 9 एप्रिलला होता आणि ईद 11 एप्रिलला, 2025 मध्ये 30 आणि 31 मार्चला. 2026 च्या पाडव्याची तारीख 19 मार्च, तेव्हाही जोडी टिकते. त्यानंतर त्याच वर्षी अधिक ज्येष्ठ येतो, म्हणून 2027 चा पाडवा उडी मारून 7 एप्रिलला जातो आणि ईद मार्चमध्येच राहते. फळ्यावर या तारखा दोन रांगांत लिहिल्या की उडी कुठे पडली ते मुलं स्वतः दाखवतात.

सहावी-सातवीसाठी थोडी अवघड गोष्ट हवी असेल तर 29 जून 2023 घ्या. आषाढी एकादशी आणि बकरी ईद त्या दिवशी एकत्र आली होती. हिजरी महिना अमावास्येनंतर चंद्र दिसल्यावर सुरू होतो, म्हणून त्याचा दहावा दिवस, ज्या दिवशी बकरी ईद येते, शुद्ध एकादशीच्या आसपासच पडतो. त्या वर्षी राज्यात अनेक ठिकाणच्या मुसलमानांनी ठरवलं, की नमाज त्याच दिवशी पढायची आणि कुर्बानी नंतर करायची. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा असते, त्यामुळे हे धर्मात बसतं. या गोष्टीत ओवीच्या घरी उपास असेल आणि रेहानच्या घरी ईद असूनही मटण नसेल. दोघांनाही भूक लागलेली असेल, तिथून सुरुवात करा.