स्टीम पाइपवर इन्सुलेशन आहे. आतलं-बाहेरचं कन्व्हेक्शन धरून बाह्य क्षेत्रफळावरचा U आणि दर मीटरचा हीट लॉस कसा काढू? बाह्य म्हणजे नेमकं कुठलं क्षेत्रफळ?

इन्सुलेशनच्या बाहेरचं, पाइपच्या बाहेरचं नव्हे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी यावरून सिनिअरांशी वाद घातला होता, म्हणून लिहितोय.

एका डेअरीत दोन इंची लाइन होती. आतला व्यास ५२.५ मिमी, बाहेरचा ६०.३, वर ५० मिमी रॉकवूल. वाफ १७० अंशांची, शेडमध्ये ३० अंश. आतला h ६०००, बाहेरचा १० धरला, पोलादाचा k ४५, रॉकवूलचा ०.०५. त्रिज्या मीटरमध्ये घ्या:

```
R  = 1/(2π r1 hi) + ln(r2/r1)/(2π k1) + ln(r3/r2)/(2π k2) + 1/(2π r3 ho)
Uo = 1/(2π r3 R)
```

चार रोध क्रमाने ०.००१, ०.०००५, ३.११ आणि ०.२० येतात, बेरीज ३.३१. म्हणजे सगळा खेळ रॉकवूलचा. आतल्या h साठी रात्र जागवू नका, तो निम्मा केला तरी उत्तर हलत नाही. १४० भागिले ३.३१, म्हणजे मीटरला ४२ वॉट. r3 ८०.१५ मिमी आहे, त्यावरून Uo ०.६० येतो.

साहेबांनी हाच ०.६० घेतला आणि पाइपच्या ६०.३ मिमीवरच्या क्षेत्रफळाने गुणला. आले १६ वॉट. "बाह्य म्हणजे पाइपचं बाह्य," असं ते ठामपणे म्हणाले, आणि रिपोर्ट तसाच गेला.

मला ते सहन झालं नाही. दोन ट्रॅपमधला ४० मीटरचा तुकडा निवडला. पुढच्या ट्रॅपचं तोंड गार पाण्याच्या बादलीत बुडवलं, कारण उघड्या बादलीत फ्लॅश होऊन बरंच पाणी वाफ होऊन उडून जातं. बादली आधी आणि तासाभराने वजनकाट्यावर ठेवली. साडेतीन किलो वाढली होती. गुप्त उष्णता किलोला सुमारे २०५० किलोज्यूल धरली, तर ४२ वॉटने तीन किलो पाणी व्हायला हवं, १६ वॉटने जेमतेम १.१ किलो. वरचा अर्धा किलो फ्लँजचा आणि उघड्या व्हॉल्व्हचा.

साहेब बादली बघायला आले नाहीत. माझं म्हणणं आजही तेच आहे: U लिहिताना शेजारी कुठल्या त्रिज्येवरचा ते लिहा, नाहीतर लिहूच नका. शक्य असेल तर थेट R वापरा, तिथे क्षेत्रफळाचा घोळच नाही.

एक राहिलं. बॉयलरमधून वाफ ओली येत असेल तर बादली जास्त दाखवते. आमच्या लाइनला सुरुवातीला सेपरेटर होता. आणि या हिशोबाने क्लॅडिंग ३८ अंशांच्या आसपास असायला हवं. हात टेकवत नसेल तर रॉकवूल भिजलंय किंवा दबलंय, तिथे ०.०५ चालणार नाही.