मेल पाठवण्याआधी श्रोता बघ

नौपाडा, ठाणे

प्रिय मित्रा,

पाहुणा म्हणून बोलवा, असं सांगणाऱ्या पॉडकास्टला पाठवायच्या मेलचा तुझा मसुदा वाचला. मजकुराआधी पत्ता बदलायला हवा. तू इमारतींच्या मजबुतीची तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट करतोस आणि ते काम कोणाला द्यायचं हे सोसायटीची कमिटी ठरवते. तू निवडलेला कार्यक्रम मात्र नवउद्योजकांचा आहे. तिथे कौतुक होईल, पण वाशीतल्या एखाद्या जुन्या इमारतीचा ठराव त्या श्रोत्यांच्या हातात नसतो. गृहनिर्माण संस्थांच्या प्रश्नांवर बोलणारी एखादी मालिका शोध, श्रोते थोडे असले तरी चालतील. श्रोते काय विचारतात ते बघ. गळती, सिंकिंग फंड, पार्किंग असे प्रश्न येत असतील तर जागा बरोबर आहे. पाहुण्याकडूनच पैसे मागणारा कार्यक्रम असेल तर मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

मग शेवटचे चार-पाच भाग पूर्ण ऐक आणि काय सुटलंय ते टिपून ठेव. समज, पुनर्विकासावर दोन भाग झालेत, पण ऑडिटचा रिपोर्ट वाचायचा कसा, हे कोणीच सांगितलेलं नाही. तोच तुझा विषय. तुझ्या मसुद्यात पदवी, अनुभव, ग्राहकांची यादी सगळं आहे, पण त्यातून निवेदकाला पुढचा भाग दिसत नाही. असं काहीतरी लिही:

"पुनर्विकासाच्या भागात तुमचे पाहुणे म्हणाले की रिपोर्ट हातात आला की कमिटी गोंधळते. मी ठाण्यात हे ऑडिट करतो. तीन प्रश्नांवर बोलू शकेन: आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा का? काँक्रीटवर आपटून त्याची मजबुती आजमावणाऱ्या रिबाउंड हॅमरच्या आकड्यांवरून काय कळतं आणि काय कळत नाही? दुरुस्ती पुरेशी आहे हे कशावरून ठरवायचं?"

खाली तुझी ओळख दोन ओळींत. बस. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण कर.

वेळही महत्त्वाची. सोसायट्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि मोठ्या खर्चाचे विषय तिथेच निघतात. भाग जुलै-ऑगस्टमध्ये यायला हवा, म्हणून मेल मे महिन्यातच जाऊ दे. सप्टेंबरच्या अखेरीस आलेला भाग लोक ऐकतील, पण बऱ्याच ठिकाणी सभा उरकलेली असेल.

बोलताना आपली सेवा विकू नकोस. रिपोर्ट वाचताना तपासायच्या गोष्टींचं एक पान तयार ठेव आणि भागासोबत त्याची लिंक द्यायला निवेदकाला सांग. सेक्रेटरी ते पान कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात आणि त्यावर तुझा नंबर असतो. नंतर फोन करणाऱ्या प्रत्येकाला नंबर कुठून मिळाला ते विचारून वहीत लिही, म्हणजे पुढच्या वर्षी याच मालिकेकडे जायचं की नाही ते कळेल.

मसुदा नव्याने लिहून पाठव. सोबत पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत फोनवर रेकॉर्ड करून जोड. निवेदकाला तुझा आवाजही ऐकायचा असतो.

तुझा,
काका