'पृथक' म्हणजे आपापला वाटा?

"शाहूपुरीत आमची तिघांची गुळाची पेढी. पाटीवर 'आणि कंपनी' आहे, कागद भागीदारीचे. मग आम्हाला कंपनी म्हणायचं की फर्म? आणि करारात 'संयुक्त व पृथक जबाबदारी' आहे, त्यातल्या 'पृथक'चा अर्थ प्रत्येकाचा आपापला वाटा असाच ना?"

दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घालतो, कारण त्यात घर जाऊ शकतं. 'पृथक'चा अर्थ वेगळा, हे खरं. पण इथे वेगळी होतात ती माणसं. देण्याची ढेप अख्खीच राहते. घेणेकऱ्याला तिघांवर मिळून दावा लावता येतो किंवा एकट्यालाच गाठून पूर्ण रक्कम मागता येते.

समजा, धाकट्या भागीदाराने पेढीच्या नावाने ९ लाखांचा गूळ उधारीवर उचलला. करारनाम्यात लिहिलंय, लाखाच्या वरची खरेदी तिघांच्या सहीने. पावसात गोदामातला माल पाघळला, पैसे बुडाले. गूळ घेणं हा पेढीचा नेहमीचाच धंदा, त्यामुळे एकाच्या सहीने सगळे बांधले गेले. विकणाऱ्याला ती अट ठाऊक नसेल, तर ती त्याच्यावर चालत नाही. ठाऊक होती हे सिद्ध झालं, तर मात्र पेढी सुटते. अट ठाऊक नसलेला विकणारा थोरल्याकडून, पेढीत पैसा नसेल तर त्याचं घर विकूनही, ९ लाख वसूल करू शकतो. तीन-तीन लाखांचा हिशेब तुमच्या आपसातला. थोरल्याने तो नंतर बाकीच्यांकडून मागायचा. ते कफल्लक निघाले तर बसा बोंबलत.

एकट्याची सही कुठवर चालते, यालाही कुंपण आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या १९ व्या कलमानुसार पेढीसाठी जागा घेणं किंवा विकणं, पेढीचं बँक खातं स्वतःच्या नावाने उघडणं, चालू दावा मागे घेणं, असल्या गोष्टी एकट्याच्या अखत्यारीत येत नाहीत; तसा व्यापारी रिवाज असेल किंवा बाकीच्यांनी अधिकार दिला असेल तरच. धाकट्याने गुळाऐवजी प्लॉटचा सौदा केला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती.

आता शब्द. 'फर्म' हा युरोपी 'फिर्मा'पासून आला, म्हणजे सही. ज्या नावाने सही करायची ते नाव. म्हणून तुम्ही फर्मच. 'कंपनी'च्या मुळाशी लॅटिनमधली भाकरी आहे, एका पंगतीत जेवणारे ते सोबती. पाटीवर 'आणि कंपनी' लिहिलं ते या जुन्या अर्थाने, 'आणि मंडळी' म्हणावं तसं. कायद्याची कंपनी नोंदणीने जन्मते, सभासदांहून वेगळी 'व्यक्ती' ठरते, आणि खाजगी असेल तर नावाच्या शेवटी 'प्रायव्हेट लिमिटेड' लावते. ते 'लिमिटेड' धंद्याला नसून भागधारकाच्या देण्याला आहे: शेअरचे पैसे पूर्ण भरलेत, तर कंपनीच्या कर्जासाठी त्याच्या घराला हात लागत नाही. बँकेने त्याच्याकडून वैयक्तिक हमी लिहून घेतली असेल, तर तेवढ्यापुरतं ते घर पुन्हा उघड्यावर.