नवे स्टार येईपर्यंत एसीसाठी थांबावं का?

प्रश्न (नोव्हेंबर २०२५): कल्याणला स्वतःच्या घरात बेडरूमसाठी १.५ टनाचा ५ स्टार इन्व्हर्टर एसी घ्यायचा आहे. लागतो फक्त रात्री, तोही उन्हाळ्यात. दुकानदार म्हणतो जानेवारीपासून स्टारचे नियम बदलतात, आत्ताच घ्या. मित्र म्हणतो थांब, नवीन मॉडेल आली की जुनी आणखी स्वस्त होतील. कुणाचं ऐकू?

उत्तर:

नाशिकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी नऊ वर्षं काउंटर सांभाळलाय. २०२२ मध्ये स्टारचं टेबल बदललं तेव्हाही तिथेच होतो. तुमच्या वापरासाठी माझं उत्तर आहे: आत्ता घ्या, डिसेंबरचा तिसरा आठवडा उलटू देऊ नका. पण दुकानदार सांगतोय म्हणून नव्हे. हिशेब करून बघा, कारण तुमच्या जागी एखादा डॉक्टर क्लिनिकसाठी विचारत असता तर मी उलटं सांगितलं असतं.

तुमच्या मित्राच्या डोक्यात मोबाइलचा हिशेब असणार. मोबाइलमध्ये तो बरोबरही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आयफोन १४ आला आणि त्याच दिवशी आयफोन १३ ची अधिकृत किंमत ७९,९०० वरून ६९,९०० झाली. नवा जुन्याच किमतीला आला आणि जुना दहा हजारांनी उतरला. तारीख जवळपास ठरलेली, उतारही ठरलेला. अशा वस्तूसाठी ऑगस्टमध्ये थांबणं शहाणपणाचंच आहे.

एसीचं तसं नाही. एसीत पुढची पिढी कंपनीच्या कार्यक्रमात जाहीर होत नाही, ती सरकारी टेबलातून येते. ऊर्जा दक्षता ब्युरो दर काही वर्षांनी स्टारची पट्टी वर सरकवतो. ती सरकली की तेवढेच स्टार मिळवायला कंपनीला कॉइल मोठी करावी लागते, त्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम जास्त जातं, कधी कॉम्प्रेसर बदलावा लागतो. म्हणजे नवा ५ स्टार बनवायलाच महाग पडतो. तो जुन्या किमतीला येईल आणि जुना खाली ढकलला जाईल, असं इथे घडत नाही.

लेबलवर स्टारच्या खाली आयएसईईआर नावाचा आकडा असतो. वर्षभरात यंत्राने जितकी उष्णता बाहेर काढली, त्याला खाल्लेल्या विजेने भागलं की हा आकडा येतो. तो जितका मोठा, तितकं बिल कमी. स्टार म्हणजे या आकड्याला दिलेला वर्ग, आणि वर्ग बदलतो. २०१८ च्या टेबलात ४.५ ला ५ स्टार मिळायचे. १ जुलै २०२२ पासून त्यासाठी किमान ५ लागायला लागले. आता १ जानेवारी २०२६ पासून पट्टी आणखी वर जाणार आणि आजचा ५ स्टार साधारण एक पायरी खाली, ४ स्टारमध्ये बसणार. यंत्र तेच राहतं, बदलतो तो स्टिकर.

माझ्या बहिणीच्या बाबतीत हे डोळ्यांसमोर घडलं. जून २०२२ मध्ये तिला एक एसी आवडला होता, आयएसईईआर ४.७, तेव्हाचा ५ स्टार. मी सांगूनही ती ‘नवा माल’ येईपर्यंत थांबली. ऑगस्टमध्ये तिने घेतला तो तोच मॉडेल, आकडा तोच ४.७, फक्त लेबलवर चारच तारे. आणि दोन महिने तिने पंख्यावर काढले. म्हणून दुकानात गेलात की स्टार विचारू नका, आकडा वाचा. लेबलवर ते लेबल कोणत्या काळासाठी वैध आहे तेही छापलेलं असतं. जुन्या टेबलचे पाच आणि नव्या टेबलचे पाच शेजारी ठेवलेले असतील, तर फरक तिथेच कळतो.

आता तुमच्या घराचा हिशेब. १.५ टनाच्या, ५.१ आकड्याच्या यंत्राच्या लेबलवर वर्षाला साधारण ७६० युनिट दिसतील. नव्या टेबलचा ५ स्टार ५.६ चा धरू, त्याला त्याच प्रमाणात ६९२ युनिट लागतील. फरक ६८ युनिटांचा. पण लेबलवरची युनिटं वर्षाला १,६०० तास एसी चालेल असं धरून काढलेली असतात. तुम्ही रात्रीचे आठ तास, मार्च ते जून मिळून ११० रात्री एसी लावलात तर होतात ८८०, म्हणजे जवळपास ९०० तास. म्हणून फरक उरतो ३८ युनिटांचा. एसीची युनिटं तुमच्या बिलाच्या वरच्या टप्प्यात पडतात, तिथे सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये मोजू. वर्षाला वाचले सुमारे ४६० रुपये.

थांबून जी पुढची पिढी मिळेल, तिची तुमच्यासाठी वार्षिक किंमत एवढीच आहे. जानेवारीत तिच्यासाठी ३,००० रुपये जास्त द्यावे लागले तर ते वसूल व्हायला साडेसहा वर्षं लागतील. १,५०० च जास्त लागले तर सव्वातीन वर्षं, मग चर्चा करता येईल. तुमच्या भागात खरा फरक किती आहे ते दोन दुकानांत विचारून याच भागाकारात घाला.

क्लिनिकवाल्या डॉक्टरांचा हिशेब असा होईल: रोज नऊ तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे २,७०० तास. तोच ६८ युनिटांचा फरक तिथे ११५ युनिटांचा होतो. व्यावसायिक दर १५ रुपये धरला तर वर्षाला १,७०० च्या वर, आणि ३,००० दोन वर्षांच्या आत सुटतात. त्यांनी जरूर थांबावं. थांबायचं की नाही हे तुमच्या तासांवर ठरतं.

एक गोष्ट लोक या गोंधळात विसरतात. पिढीतला फरक ६८ युनिटांचा, पण आजच्याच टेबलात ४.० चा ३ स्टार आणि ५.१ चा ५ स्टार यांच्यात तब्बल २१० युनिटांचा फरक आहे. तुमच्या ९०० तासांना तो ११८ युनिटांचा, म्हणजे वर्षाला १,४०० रुपयांचा. डिसेंबरमध्ये ‘जुना माल’ म्हणून दुकानदार ३ स्टार पुढे करेल आणि किंमत मोहात पाडेल. सूट घ्यायची तर जुन्या टेबलच्या ५ स्टारवर घ्या.

मित्राचं म्हणणं आणखी एका ठिकाणी अडतं. माल संपवायला डिसेंबरअखेर भाव पडतात हे खरं, पण पडतात कशावर? १.५ टन ५ स्टार हा सगळ्यांत आधी उचलला जाणारा माल. टेबल बदलायच्या आधी डीलर त्याची नवी ऑर्डर हात राखून देतो. शेवटच्या आठवड्यात आमच्या गोडाऊनमध्ये उरायचे ते २ टनाचे, विंडो एसी, नाहीतर कुणी न मागितलेल्या मॉडेलचे दोन-चार नग. भाव खरंच उतरलेला असायचा, फक्त तो गिऱ्हाइकाला हव्या असलेल्या यंत्रावर नसायचा.

एसीसाठी थांबावं असा प्रसंग येतच नाही असंही नाही, याच वर्षी आला होता. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली, ३ सप्टेंबरला कौन्सिलने ठरवलं आणि २२ सप्टेंबरपासून एसीवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. तारीख पक्की, रक्कम पक्की आणि मोसमही पावसाळ्याचा, एसीची निकड नाही. त्या तीन आठवड्यांत जे थांबले त्यांनी बरोबर केलं. दहा टक्के कर गेला म्हणून किंमत मात्र दहा टक्क्यांनी उतरत नाही. ४५,००० च्या एसीची करापूर्वीची किंमत ३५,१५६, तिच्यावर १८ टक्के लावले की ४१,४८४. उतार झाला सुमारे ३,५००, म्हणजे पावणेआठ टक्के. तुम्हाला आज जो भाव सांगितला जातोय त्यात हा उतार आलाय का, हे त्याच मॉडेलच्या ऑगस्टच्या भावाशी ताडून बघा. जुनी एमआरपी खोडून ‘खास सूट’ म्हणून हाच करफरक दाखवला जात असेल, तर ती सूट दुकानाची नाही, तो तुमचाच पैसा आहे.

उन्हाळ्यापर्यंत थांबायचा विचार असेल तर तो मात्र सोडाच. मार्च ते मे हा एसीचा सर्वांत महाग काळ, स्कीमही तेव्हा आखडतात. एप्रिलच्या शेवटी फिटिंगवाल्यासाठी आठ-आठ दिवस थांबलेली गिऱ्हाइकं मी रोज फोनवर समजावायचो. घाईत बसवलेल्या एसीची तक्रारही जास्त येते, कारण पाइपमधली हवा नीट काढायला म्हणजे व्हॅक्युम करायला वीसेक मिनिटं लागतात आणि दिवसाला सात घरं करणारा माणूस ती वाचवतो. डिसेंबरात तोच माणूस निवांत असतो. त्याला समोर उभं राहून व्हॅक्युम पंप लावायला सांगा.

जुन्या टेबलचा माल घेताना आउटडोअरच्या पत्र्याच्या पट्टीवर उत्पादनाचा महिना बघा. २०२५ चा असेल तर चिंता नाही, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरली जाते. २०२३ चा किंवा त्याआधीचा निघाला तर खोकं ओलं होऊन वाळल्याच्या खुणा, कॉइलच्या पात्यांवर पांढरट डाग, वाकलेली पाती यांवर नजर टाका, आणि असा नग घ्यायचाच असेल तर भाव आणखी खाली आणा. मॉडेल नंबर ब्युरोच्या स्टार लेबल अ‍ॅपमध्ये टाकला की त्याचा आकडा मिळतो, म्हणजे दुकानात जायच्या आधीच तुमची दोन-तीन मॉडेल ठरलेली असतील.