फोन जर्मनमध्ये केलात तर शेपटांकडे बघा

प्रश्न: नर्सिंगची नोकरी सांभाळून जर्मन शिकतेय, एवन पातळी झाली. क्लासला वेळ मिळत नाही. फोनची भाषा बदलून आणि घरात चिठ्ठ्या लावून खरंच काही होतं का, की नुसता वेळ जातो?

होतं. पण फोन काय शिकवतो हे माहीत असेल तरच.

मीही नर्स, रत्नागिरीत. फोन जर्मनमध्ये केला तेव्हा आमचे भावोजी (स्वतः जर्मन शिकलेले, म्हणून घरात त्यांचा शब्द शेवटचा) म्हणाले, "बटणावर नुसतं Löschen, Speichern, Teilen वाचून काय होणार? जर्मनचं खरं दुखणं म्हणजे लिंग. फोनवर डेअर, दी, दास कुठे दिसतं? तक्ते पाठ कर."

अर्धं बरोबर होतं. बटणांवर नुसती क्रियापदं असतात आणि थोड्याच दिवसांत बोट चित्र बघून चालतं, डोळा वाचतच नाही. तुमचंही तसं झालंय का ते ओळखायचं तर रोज उघडणाऱ्या मेनूतली तिसरी ओळ न बघता सांगून पाहा. आठवली नाही, तर त्या पडद्यावरून शिकणं थांबलंय.

लिंग दिसत नाही हे मात्र साफ चूक. व्हॉट्सॲपमध्ये नवीन संपर्क घालायला गेलात की Neuer Kontakt, गट करायला गेलात की Neue Gruppe. फाइलींमध्ये Neuer Ordner, कागदपत्रांच्या ॲपमध्ये Neues Dokument. आर्टिकल नसलं की त्याचं काम विशेषणाचं शेपूट करतं: -er असेल तर डेअर, -e तर दी, -es तर दास. म्हणजे आपलं नवा, नवी, नवं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे नव्याने पचवावं लागतं, आपल्याला कान आधीच आहे. फक्त लिंग मराठीवरून ठरवू नका. चमचा तिकडेही पुल्लिंगी, पण काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसक! हे मी भावोजींना Verpasster Anruf दाखवून सांगितलं. "एखाद-दुसरा शब्द," म्हणाले. एखाद-दुसरा कसला, ड्यूटी संपल्यावर आईचे सुटलेले कॉल बघताना मला डेअर आनरूफ कायमचा बसला. तक्त्यातून तो कधीच बसला नव्हता.

घरातल्या चिठ्ठ्यांचं म्हणाल तर नुसती नावं लिहू नका. 'डेअर क्यूलश्रांक' लिहून फ्रिजवर चिकटवलंत की चार दिवसांत तो कागद दिसेनासा होतो. जिथे हात लागतो तिथे त्या क्रियेचं वाक्य लावा. फ्रिजवर 'इश माखे डेन क्यूलश्रांक त्सू', दारावर 'इश माखे दी ट्यूर त्सू', खिडकीवर 'इश माखे दास फेन्स्टर त्सू', आणि बंद करताना मोठ्याने म्हणा. तिन्ही वाक्यं म्हटलीत की कळेल, कर्म झाल्यावर फक्त डेअरचा डेन होतो, बाकी दोन तशीच राहतात. 'त्सू' शेवटी जातो, तेही तोंडात बसतं. पावसाळ्यात आपल्या भिंती घामेजतात, कागद टिकत नाही. जुलैत माझ्या निम्म्या चिठ्ठ्या पडवीत पायाला चिकटून फिरत होत्या. स्टीलच्या डब्यांवर सरळ परमनंट मार्करने लिहा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं जातं. ते आपल्याकडे कमी नाही.

येता-जाता ऐकायचं असेल तर डॉइशे वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या आहेत, मजकुरासकट. एवनला जड जातील, बीवननंतर घ्या. रेल्वेने जात असाल तर घरूनच उतरवून ठेवा. करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात नेटवर्कची वाट बघण्यात अर्थ नाही.

आता दोन गोष्टी, ज्या आधी सांगायला हव्या होत्या. शेपटाचा नियम फक्त सुट्या, एकवचनी मथळ्यांना लागतो. Neue Kontakte मधला -e अनेकवचनाचा आहे, आणि mit neuer Software मध्ये -er असूनही सॉफ्टवेअर स्त्रीलिंगीच, कारण आधी mit आलंय. म्हणजे तक्ता एकदा तरी पाहावाच लागतो. (हे भावोजींना सांगू नका.) दुसरं, बँकेचं आणि पैसे पाठवायचं ॲप जर्मनमध्ये ठेवू नका. अँड्रॉइड 13 पासून, ॲपमध्ये सोय असेल तर, त्याची भाषा वेगळी ठेवता येते, ती दोन मराठीत करा आणि मगच बाकीचा फोन बदला.

बीटूच्या परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग असतात. यातलं बोलणं फोन आणि डब्यांवर होणार नाही, त्याला समोर माणूसच लागतो. मला भावोजी मिळाले. वाद घालायचा तर जर्मनमध्ये घाला, एवढी एकच अट मी त्यांना घातली, आणि Anruf वरून आमचं अजून मिटलेलं नाही.