हायड्रंट फ्लो टेस्टमध्ये रेसिड्युअल स्टॅटिकपेक्षा जेमतेमच खाली आलं, तर तो आकडा धरायचा का?

प्रश्न: "स्टॅटिक ६२ पीएसआय, एक आउटलेट उघडल्यावर रेसिड्युअल ५९. यावरून २० पीएसआयला मिळणारा फायर फ्लो काढून रिपोर्टमध्ये लिहिला तर चालेल का? आउटलेटचा कोएफिशियंट किती धरू?"

नाही चालणार. स्टॅटिक म्हणजे हायड्रंट बंद असतानाचा दाब, रेसिड्युअल म्हणजे शेजारचा हायड्रंट वाहत असतानाचा; या दोन्हींतल्या ३ पीएसआयच्या पडझडीवर रिपोर्ट लिहू नका. मी ४ वर लिहिला होता आणि तो निस्तरायला दोन महिने गेले.

तेव्हा मी नवखा होतो. एका गोदामासाठी २० पीएसआयला ३,००० गॅलन प्रति मिनिट हवे होते (अमेरिकन गॅलन). आमच्या साहेबांचं धोरण ठरलेलं: "एक आउटलेट पुरे, पाणी कशाला सांडायचं? बाकीचं सूत्र सांगतं." मी रेसिड्युअल हायड्रंटवर गेजची कॅप बसवली, हवा काढली, स्टॅटिक ६० आलं. पुढच्या हायड्रंटचं अडीच इंची आउटलेट पूर्ण उघडलं, धारेत धरलेल्या पिटो गेजवर ३६ पीएसआय आले. कोएफिशियंट ०.९.

```
Q  = 29.83 × c × d² × √p
QR = QF × (hR / hF)^0.54
```

पहिल्या सूत्रात c म्हणजे कोएफिशियंट, d म्हणजे आउटलेटचा इंचांतला व्यास, p म्हणजे पिटोचं वाचन; त्याने १,००७ गॅलन आले. दुसऱ्यात QF म्हणजे चाचणीत वाहिलेला फ्लो, QR म्हणजे २० पीएसआयला मिळणारा, hR म्हणजे स्टॅटिक वजा २० आणि hF म्हणजे स्टॅटिक वजा रेसिड्युअल. तिथेच घोळ झाला. गेज ० ते २०० चा, रेघा पाच-पाचच्या, आणि सुई ५५ च्या रेघेच्या जरा वर थरथरत होती. मी डोळे बारीक करून "५६" लिहिलं. पडझड ४, उत्तर जवळपास ३,४९० गॅलन. साहेब खूश.

मी घरी जाऊन ५७ आणि ५५ घालून पाहिलं. ५७ ला साधारण ४,०८० आले, ५५ ला ३,०९५. सुई एका पीएसआयने इकडेतिकडे झाली की हजारेक गॅलनचा फरक! पडझड भागाकारात खाली बसते, त्यामुळे ती जितकी लहान तितकी वाचनातली चूक फुगते. हे साहेबांना दाखवलं तर म्हणाले, "तू फार विचार करतोस." रिपोर्ट गेला.

पुढे तपासणाऱ्याने फेरचाचणी मागितली. या वेळी दोन हायड्रंट एकाच वेळी उघडले, प्रत्येकी एक आउटलेट. पिटो दोन्हीकडे २५, म्हणजे ८३९ अधिक ८३९, एकूण १,६७८ गॅलन. रेसिड्युअल ४५ वर आलं. पडझड १५, उत्तर २,८५० च्या आसपास. ३,००० पेक्षा कमी. उलट हिशेब केला तर पहिल्या दिवशी पडझड ४ नव्हे, ६ च्या जवळ असायला हवी होती. माझ्या थरथरत्या सुईत दोन पीएसआय हरवले होते, आणि तेवढ्यावर गोदामाचं डिझाइन उभं होतं.

हायड्रंट चाचणीची अमेरिकन मार्गदर्शिका एनएफपीए २९१ स्टॅटिकच्या निदान २५ टक्के पडझड सुचवते ती याचसाठी. तुमच्या ६२ ला रेसिड्युअल ४६ च्या आसपास यायला हवं. एका आउटलेटने येत नसेल तर दुसरं उघडा, तेही पुरलं नाही तर दुसरा हायड्रंट. सगळ्यांचं पाणी सुरू असतानाच रेसिड्युअल वाचा, आणि प्रत्येक आउटलेटचा पिटो त्याच वेळी घ्या. पाणी वाया जातं म्हणणाऱ्याला सांगा, चुकीची चाचणी केली की सगळंच पाणी वाया जातं, कारण ती परत करावी लागते.

कोएफिशियंटसाठी पाणी बंद असताना आउटलेटमध्ये बोट घाला. कडा आत गोलाईने वळलेली असेल तर ०.९, चौकोनी धारदार असेल तर ०.८, नळी बॅरलच्या आत पुढे आलेली असेल तर ०.७. डोळ्यांना आतलं धड दिसत नाही, बोटाला कळतं.

एक राहिलंच. मेन फार मोठा असेल तर २५ टक्के पडझड होतच नाही. तेव्हा निदान तुम्हाला हवा तेवढा फ्लो खरोखर वाहवून दाखवा, मग सूत्राने पुढे ताणायची वेळच येत नाही. आणि आकडा त्या वेळेपुरता असतो. मध्यरात्रीची चाचणी नि सकाळी सगळे नळ सुरू असतानाची चाचणी सारखी येत नाही. कुठला पंप चालू होता, टाकीची पातळी किती होती, तेही लिहून ठेवा. बंद करताना हायड्रंट सावकाश फिरवा, नाहीतर मेनला हादरा बसतो.

साहेब निवृत्त झालेत. भेटले की अजून म्हणतात, त्या दिवशी गेजच खराब होता. गेज मी नंतर तपासून आणला होता. ठीक होता.