क्यू वाढवूनही हम जात नसेल तर आधी सॅम्पलिंग मोजा

«पंपाच्या २८८० आरपीएमच्या मोटरवर व्हायब्रेशन सेन्सर लावलाय. सिग्नलमध्ये ५० हर्ट्झचा हम आहे. पायथनमध्ये नॉच लावला, क्यू ३० ठेवला तर हम थोडासाच कमी झाला, १०० केला तर जवळजवळ तसाच परत आला. आता किती ठेवू?»

हेच दुखणं मी इथे बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसीतल्या एका पंपावर भोगलंय. तुमची मोटरही तीच, २८८० आरपीएमची. आधीच सांगतो, मी मेंटेनन्सचा माणूस, डीएसपी शिकवणारा नाही. नॉच म्हणजे काय वगैरे धरून चालतो.

क्यू म्हणजे फिल्टरची ताकद नव्हे. नॉचच्या बरोबर मध्यावर सिग्नल शून्यच होतो, क्यू ५ असो की १००. क्यू फक्त खाच किती रुंद हे ठरवतो: ५० भागिले क्यू. ३० ला रुंदी सुमारे १.७ हर्ट्झ, १०० ला अर्धा हर्ट्झ, १० ला ५ हर्ट्झ. तुमची मोटर ४८ हर्ट्झवर फिरते, म्हणजे हमच्या अगदी शेजारी. क्यू १० ठेवलात तर मोटरचं व्हायब्रेशनही ६३ टक्क्यांवर येईल. ३० ला ते ९३ टक्के शाबूत राहतं. म्हणून तुमचा ३० चा आकडा चुकीचा नाही.

मग हम का जात नाही? माझा पैसा, वेळ आणि डोकं ज्यात गेलं ते हेच. डेटा घेणारं कार्ड ज्यांच्याकडून आणलं (नाव घेत नाही), त्यांच्या सपोर्टवाल्यांचं प्रत्येक फोनवर एकच पालुपद: "सर, क्यू वाढवा." वाढवला की हम आणखी वर यायचा. तरी उत्तर तेच. कागदावर सेकंदाला ५०० सॅम्पल लिहिलेलं, पण खरंच तेवढे येतात का, हे मोजून पाहायला कुणी तयार नाही. मोजण्याबद्दल विचारलं की "वरून कळवतो". वरून काही कळलं नाही.

कार्ड प्रत्यक्षात सेकंदाला ४९० देत होतं. फिल्टर मात्र ५०० धरून केलेला:

```python
b, a = signal.iirnotch(50, 30, fs=500)
```

म्हणजे खाच ५० वर नाही, ४९ वर पडली. आता गणित बघा. क्यू ३० ला ५० चा हम ७७ टक्के शिल्लक, आणि गंमत म्हणजे ४८ चं व्हायब्रेशनही साधारण तेवढंच उरलं. दोघांना सारखाच चाप. क्यू १०० केला की खाच अरुंद, म्हणून हम ९७ टक्के परत हजर. क्यू ५ केला असता तर हम २० टक्क्यांवर आला असता, पण व्हायब्रेशनही त्याच्याबरोबर गेलं असतं.

ओळखायचं कसं? कच्च्या, फिल्टर न लावलेल्या सिग्नलचा एफएफटी काढा, निदान दहा सेकंदांचा, म्हणजे ०.१ हर्ट्झपर्यंत दिसेल. हमचं टोक ५० ऐवजी ५१ वर दिसलं तर समजा, घड्याळ खोटं आहे. मग मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दहा मिनिटं रेकॉर्ड करून सॅम्पल मोजा. ५०० चे तीन लाख यायला हवेत. माझ्याकडे दोन लाख चौऱ्याण्णव हजार आले. `fs=490` लिहिलं, क्यू ३० वरच ठेवला, हम बसला. लूपमध्ये `delay()` टाकून सॅम्पल घेत असाल तर मात्र अंतरच दर वेळी वेगळं पडतं, हम पसरतो, आणि कुठलाही नॉच नीट बसत नाही. तिथे टायमर इंटरप्टच हवा.

१०० वर माझा विश्वास नाही, त्याचं आणखी एक कारण. ग्रिड नेमकी ५० वर बसून राहत नाही; ग्रिड कोडचा पट्टाच ४९.९० ते ५०.०५ आहे. ४९.९० वर क्यू ३० ला हम १२ टक्के उरतो, १०० ला ३७ टक्के. शिवाय १०० ला मोटर सुरू-बंद करताना फिल्टर दोन-तीन सेकंद घुमत राहतो, ३० ला सेकंदाच्या आत बसतो.

मोटर बिनलोडची चालवत असाल तर स्लिप कमी होऊन वेग ५० च्या अजून जवळ सरकतो. मग नॉच हम आणि व्हायब्रेशन वेगळं करूच शकत नाही. तिथे क्यूशी झगडू नका, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलीय का आणि सेन्सरची वायर पॉवर केबलच्या ट्रेमधून तर जात नाही ना, ते बघा. आमच्याकडे जात होती.